धूर, धुके आणि यंत्रलिखित मजकूर



१३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या आवारात एका माथेफिरूने गोळीबार केला. तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले, पाच जखमी झाले. तेथून बरेच दूर, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात व्हॅण्डरबिल्ट विद्यापीठ आहे. या विद्यापीठाच्या पीबॉडी महाविद्यालयातील एका कार्यालयाने तीन दिवसांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक सांत्वनपर पत्र धाडले. पत्राची भाषा निर्दोष होती. सर्वांनी एकमेकांची काळजी घ्यावी, कोणालाही परके वाटू नये असे वातावरण निर्माण करावे, असा त्याचा आशय होता. पत्राच्या अगदी तळाशी मात्र एक बारीकशी ओळ होती. हा मजकूर चॅटजीपीटी या यंत्रप्रणालीकडून घेऊन शब्दांतरित केला आहे, अशी ती कबुली होती. तीत दिनांकही होता, १५ फेब्रुवारी.

विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने ही ओळ उजेडात आणली आणि संताप उसळला. ज्याची बहीण त्याच मिशिगन विद्यापीठात शिकत होती असा एक विद्यार्थीही त्या पत्राच्या वाचकांत होता. परस्परांच्या आधाराविषयीचा उपदेश यंत्राकडून लिहवून घ्यावा, हे त्याला क्रूर थट्टेसारखे वाटले. कार्यालयाने दुसऱ्याच दिवशी क्षमायाचना केली. चौकशी होईपर्यंत दोन अधिकाऱ्यांना जबाबदारीतून बाजूला व्हावे लागले.

आता असे समजावे की, तळाची ती ओळ नसती. तर हे पत्र माणसाने लिहिलेले नाही हे ओळखता आले असते काय? शंका तरी नक्कीच आली असती, आणि तिचे कारण पत्रातच होते. घटना एकच घडली होती. पत्रात मात्र ‘अलीकडील गोळीबारांच्या घटना’ असे अनेकवचन होते. घटनेचा उल्लेख ओझरता होता आणि उरलेला मजकूर असा होता की, तो पुरानंतर, वादळानंतर किंवा रेल्वे अपघातानंतरही तसाच पाठविता आला असता. शोक करणारा माणूस चुकतो, अडखळतो, कधी नको तेही लिहितो. पण कशाबद्दल शोक चालला आहे याचा त्याला विसर पडत नाही. भाषा उत्तम आणि विषयावरची पकड सुटलेली, ही विसंगती हे यंत्रलिखित मजकुराचे पहिले लक्षण होय.

ही विसंगती का उद्भवते हे समजण्यासाठी यंत्राच्या कामाची रीत थोडी पाहावी लागते. या प्रणालींना अफाट प्रमाणावर मजकूर पुरविलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव किती, हे त्या शिकतात. ‘शिक्षकांनी विद्यार्थ्यांना’ एवढे लिहून झाले की, पुढे ‘घडविले’ येण्याची शक्यता मोठी आणि ‘कैऱ्या पाडायला लावले’ येण्याची अगदी अल्प. यंत्र बहुधा मोठ्या शक्यतेच्या वाटेने जाते. यापुढचा टप्पा असा की, माणसे यंत्राची उत्तरे तपासून कोणते अधिक आवडले हे सांगतात आणि त्यानुसार यंत्राला वळण लावले जाते. सभ्य, समतोल आणि कोणालाही न दुखावणारे उत्तर अनेकांना आवडते. त्यामुळे यंत्राचा सहज ओढा सर्वसाधारणाकडे असतो. ज्या एका गुरुजींनी खरोखरच मुलांना कैऱ्या पाडायला लावले, ते गुरुजी या गणितात हरवतात.

एक नमुना पाहू. समजा, तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकविणारे एक निवृत्त गुरुजी वारले आणि त्यांच्यावर श्रद्धांजलीचा मजकूर आला तो असा :

‘गुरुजी हे केवळ एक शिक्षक नव्हते, तर ते एक चालतीबोलती संस्था होते. त्यांचे जीवन म्हणजे समर्पण, शिस्त आणि सेवाभाव यांचा एक सुंदर संगम होता. असंख्य विद्यार्थ्यांच्या आयुष्याला आकार देण्यात त्यांनी महत्त्वाची भूमिका बजावली. त्यांनी केवळ ज्ञानच दिले नाही, तर मूल्ये, संस्कार आणि जीवनदृष्टीही दिली. आज ते आपल्यात नसले, तरी त्यांचा समृद्ध वारसा येणाऱ्या पिढ्यांना सदैव प्रेरणा देत राहील.’

वाचायला काही खटकत नाही. आता ‘शिक्षक’ काढून तेथे ‘वैद्य’ घालावे, ‘विद्यार्थ्यांच्या’ जागी ‘रुग्णांच्या’ लिहावे आणि ‘ज्ञान’ पुसून ‘औषध’ करावे. मजकूर जसाच्या तसा उभा राहतो. गायनाचार्य किंवा सहकारी पतपेढीचे संस्थापक घातले तरी फारसे बिघडत नाही. गुरुजी गणित शिकवीत असत, एवढी साधी गोष्टही पाच वाक्यांत कोठे आलेली नाही. ही पालटून पाहण्याची परीक्षा कोणीही घरबसल्या करू शकतो आणि सर्व परीक्षांत तीच अधिक कामाची आहे.

मग वाक्यांची ठेवण पाहावी. ‘केवळ हे नव्हे, तर ते’ ही रचना पाच वाक्यांत दोनदा आली आहे. गुण मोजताना दोन्ही वेळा तीनच्या तीन आले. समर्पण, शिस्त, सेवाभाव आणि पुन्हा मूल्ये, संस्कार, जीवनदृष्टी. वाक्यांची लांबी जवळपास सारखी आहे. कोठे चार शब्दांचे तुटक वाक्य नाही, कोठे श्वास लागेल असे लांबलेले नाही. शेवटी भविष्याकडे बोट दाखवून मजकुराची गाठ मारली आहे. यांतील एकेक गोष्ट माणूसही करतो. पण पाच ओळींत सर्व एकत्र आणि पानभर तोच क्रम चालू, असे दिसले की वाचकाने थांबावे.

याच गुरुजींविषयी त्यांचा एखादा जुना विद्यार्थी लिहितो तेव्हा काय येते? ‘गुरुजी फळ्यावर उदाहरण सोडविताना मुद्दाम एक चूक करीत. जो ती पकडेल त्याला शाबासकी नाही, खडू मिळे; पुढचे त्यानेच सोडवायचे. आमच्या वर्गात तो खडू बहुतेक वेळा कुलकर्ण्यांच्या शालीला मिळाला. मला एकदाच मिळाला आणि नेमके पुढचे येत नव्हते.’ येथे समर्पण हा शब्द नाही, सेवाभावही नाही. पण हा परिच्छेद वैद्यबुवांच्या नावे खपविता येणार नाही.

या ठिकाणी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. वरचा पहिला नमुना यंत्र जन्माला येण्यापूर्वीही मराठी वृत्तपत्रांत हजारो वेळा छापला गेला आहे. ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ यंत्राने निर्माण केलेली नाही, ती माणसांचीच देणगी आहे. यंत्र हे वाक्य शिकले ते त्या श्रद्धांजल्या वाचूनच. म्हणून गुळगुळीतपणा हे शंकेचे कारण ठरते, पुरावा ठरत नाही.

आपल्या न्यायशास्त्राने हा भेद फार पूर्वी स्पष्ट करून ठेवला आहे. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे, हे अनुमान विद्यार्थीदशेत सर्वांना शिकविले जाते. परंतु हेतू खरा की हेत्वाभास हे पाहण्याचा धडा त्याच्या मागोमाग येतो. जो हेतू साध्य असेल तेथेही आढळतो आणि साध्य नसेल तेथेही आढळतो, त्याला सव्यभिचार म्हणतात. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तसेच लांबून पाहणाऱ्याला धुके हेच धूर वाटू शकते. शुद्ध भाषा, लांब आडवी रेघ, मुद्देसूद मांडणी ही लक्षणे सव्यभिचार आहेत. जुन्या वळणाच्या मुख्याध्यापकांच्या पत्रातही ती सर्व सापडतात. मग ज्याला धूर म्हणता येईल असे काय आहे?

सर्वांत स्वच्छ धूर म्हणजे यंत्राशी झालेल्या संभाषणाचे राहून गेलेले अवशेष. ‘नक्कीच! खाली आपल्याला हवा तसा लेख देत आहे’ किंवा ‘हवे असल्यास याचे संक्षिप्त रूपही करून देता येईल’ अशी वाक्ये लेखाच्या आरंभी किंवा शेवटी राहून जातात. २०२४ साली एका प्रसिद्ध आंतरराष्ट्रीय विज्ञान नियतकालिकात छापलेल्या शोधनिबंधाची सुरुवातच अशा वाक्याने झालेली आढळली. लेखक, परीक्षक आणि संपादक या सर्वांच्या हातांखालून ते वाक्य गेले होते. पुढे तो निबंध मागे घेण्यात आला. ठळक अक्षरांसाठी यंत्र वापरते ती ताऱ्याची चिन्हे मजकुरात जोडीजोडीने तशीच उरतात. ‘येथे संस्थेचे नाव लिहा’ असा चौकटी कंस भरायचा राहून जातो. मजकुरात संकेतस्थळाचा पत्ता दिलेला असेल, तर त्याच्या शेपटीला कधी `utm_source=chatgpt.com` एवढी अक्षरे चिकटलेली दिसतात. तो पत्ता कोठून उचलला हे ती सांगतात. अर्थात एवढ्यावरून सारा लेख यंत्राचा ठरत नाही. फक्त तो दुवा तेथून आला एवढेच ठरते. शिवाय हे अवशेष पुसायला एक मिनिट पुरते. जो पुसत नाही तो आळशी, एवढाच निष्कर्ष निघतो. जो पुसतो तो निसटतो.

मराठीच्या बाबतीत आणखी एक खूण आहे आणि तिच्याकडे मराठी वाचकाचे लक्ष सहज जाऊ शकते. या यंत्रांना पुरविलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा प्रचंड आणि मराठीचा त्यामानाने अगदी तोकडा आहे. त्यामुळे शब्द मराठी, पण वाक्याचा सांगाडा इंग्रजी असे पुष्कळदा होते. ‘हे मंदिर स्थापत्यकलेची साक्ष म्हणून उभे आहे’, ‘हा उत्सव सामाजिक एकतेचे महत्त्व अधोरेखित करतो’, ‘येथे हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’ ही वाक्ये व्याकरणाने शुद्ध आहेत. पण मंदिराच्या ओट्यावर बसलेले कोणी असे बोलत नाही. मराठीत निर्जीव, अमूर्त गोष्टींना असे कर्ते करून ठेवण्याची सवय कमी. ‘एक सुंदर संगम’, ‘एक अनोखा अनुभव’ यांतील ‘एक’ तर इंग्रजीतून उगाच आलेला पाहुणा आहे. आणि उलट बाजूने जे असायला हवे ते नसते. ‘म्हणे’, ‘बरे का’, ‘तेवढे मात्र खरे’, ‘च’ आणि ‘ही’ यांची चपखल योजना, अर्ध्यात सोडलेले वाक्य, एखादी कोकणी किंवा वऱ्हाडी लकब, यांचा मागमूस नसतो. रत्नागिरीचे काका आणि अकोल्याच्या मावशी एकाच भाषेत लिहू लागतात, तेव्हा मधे कोणी तिसरा बसलेला असण्याचा संभव असतो.

स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या आग्रहातून ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे शब्द मराठीत रुजले. परके शब्द ओळखून त्यांच्या जागी स्वकीय शब्द आणणे हे त्या चळवळीचे कार्य. आज आलेला पाहुणा अधिक कावेबाज आहे. त्याच्या प्रत्येक शब्दाचा वेष संस्कृतनिष्ठ असतो. परकेपणा शब्दांत नसून वाक्याच्या हाडांत असल्यामुळे तो शब्दकोश उघडून सापडत नाही. मात्र येथेही सावध राहिले पाहिजे. शासकीय परिपत्रके आणि इंग्रजी वृत्तसंस्थांवरून घाईने केलेली भाषांतरे यांनी हेच वळण कैक वर्षांपूर्वी आणले आहे. नव्या पिढीतील अनेक मुले शाळेत इंग्रजी माध्यमात शिकून मराठी लिहितात, तेव्हा त्यांचीही वाक्ये अशीच होतात. यंत्राला धरायला जावे आणि हाती बिचारा इंग्रजी शाळेतला नातू लागावा, असे होऊ शकते.

भाषेच्या खुणा अशा निसरड्या आहेत. याउलट आशयातील खोटेपणा पडताळून पाहता येतो, म्हणून त्याचे मोल अधिक. यंत्राला ‘तपशील घाल, संदर्भ दे’ असे सांगितले की ते नकार देतेच असे नाही. संभाव्य वाटेल असा तपशील ते रचते. ही लबाडी नव्हे. पुढचा योग्य दिसणारा शब्द शोधण्याचे जे काम ते नेहमी करते, तेच येथेही करते. निवाड्याच्या नावानंतर वर्ष येते, वर्षानंतर खंड आणि पृष्ठ येते, हे त्याला माहीत असते. असा निवाडा झाला की नाही, हे माहीत असतेच असे नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी न्यायालयापुढे ठेवलेले सहा निवाडे असे निघाले की, ते कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेच नव्हते. त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला.

हे सारे दूरदेशीचे आहे असे मानून चालणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे प्राप्तिकराचे एक प्रकरण आले. कर आकारणाऱ्या अधिकाऱ्याने एका कंपनीविरुद्धच्या आदेशात तीन निवाड्यांचा आधार घेतला होता. कंपनीने ते शोधले, तर ते अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्रणेने पुढे केलेले निष्कर्ष पडताळल्याशिवाय वापरता येणार नाहीत, असे बजावले. अर्ध-न्यायिक अधिकार वापरणाऱ्याने आंधळेपणाने संदर्भ उचलायचे नसतात. कंपनी बडी होती, तिच्यापाशी वकील होते, म्हणून शोध लागला. साध्या करदात्याला असा आदेश आला असता तर त्याने तीन निवाडे कोठे शोधले असते?

खोटा संदर्भ ओळखण्याची पद्धत सोपी आहे, कष्ट तेवढे आहेत. संदर्भ उघडून पाहायचा. बहुतेक वेळा तो पूर्णतः काल्पनिक नसतो आणि त्यामुळेच फसगत होते. लेखक खरा असतो, पण ते पुस्तक त्याने लिहिलेले नसते. पुस्तक खरे असते, पण त्या पृष्ठावर भलताच विषय असतो. नियतकालिकाचा क्रमांक बरोबर असतो आणि तेथे दुसऱ्याच कोणाचा लेख सापडतो. कार्यकर्त्यांच्या दृष्टीने याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे महापुरुषांची वचने. स्वामी विवेकानंदांच्या नावावर त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये चिकटविण्याचा उद्योग यंत्राच्या आधीपासून चालू आहे. यंत्राने त्याला वेग दिला. व्याख्यानाच्या तयारीसाठी एखादे वचन मागावे आणि ते पाहिजे त्याच आशयाचे, पाहिजे तेवढ्याच लांबीचे मिळावे, हीच शंकेची जागा आहे. खऱ्या वचनाला मागचा-पुढचा संदर्भ असतो, ते कोणाच्या तरी प्रश्नाला दिलेले उत्तर असते, त्यात बोलणाऱ्याच्या काळाचा एखादा अवघड शब्द असतो. विवेकानंदांचे आणि सावरकरांचेही समग्र साहित्य छापील उपलब्ध आहे. खंड आणि पृष्ठ सांगता येत नसेल, तर ते वचन व्यासपीठावरून उच्चारू नये. विरोधकाने उद्या ते पुस्तक उघडून दाखविले, तर हसू वक्त्याचे होतेच. पण ज्याच्या नावावर ते खपविले त्याच्या खऱ्या शब्दांवरचाही विश्वास उडतो.

एवढी डोकेफोड कशाला, यंत्रलेखन ओळखणारी यंत्रेच निघाली आहेत ना, असे विचारले जाते. त्यांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. चॅटजीपीटी निर्माण करणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन उपलब्ध केले होते. कंपनीने स्वतः सांगितलेल्या चाचणीत ते यंत्रलिखित मजकुरापैकी २६ टक्के ओळखत होते आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकुरावर चुकून यंत्राचा शिक्का मारत होते. नऊ टक्के हा आकडा लहान वाटतो. पण एखाद्या निबंधस्पर्धेला १००० निबंध आले आणि त्यांत १०० यंत्राचे आहेत असे धरावे. हे साधन त्या शंभरांतले २६ पकडील. उरलेल्या ९०० प्रामाणिक मुलांपैकी ८१ जणांनाही ते पकडील. म्हणजे शिक्का बसलेल्या १०७ मुलांत ८१ निरपराध! अचूकता कमी असल्याचे कारण देऊन कंपनीने जुलै २०२३ मध्ये ते साधन बंद केले. त्यानंतर आलेली काही साधने याहून सरस आहेत, परंतु निरपराधाला गोवण्याचा धोका त्यांतून गेलेला नाही.

हा धोका सर्वांना सारखा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली अशी सात साधने तपासली. अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध या साधनांनी जवळजवळ सर्व योग्य ओळखले. मात्र इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध साधनांनी यंत्राचे ठरविले. कारण समजण्याजोगे आहे. पुढचा शब्द किती अनपेक्षित आहे हे ही साधने मोजतात. परकी भाषा शिकून लिहिणारा विद्यार्थी बेताच्या शब्दसंग्रहात, शिकविलेल्या साच्यांत, जपून लिहितो. त्याचे इंग्रजी अपेक्षित वाटेनेच जाते आणि साधनाला तो यंत्र वाटतो. पुण्या-नागपुराहून परदेशी शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांना यातले गांभीर्य वेगळे सांगायला नको. याहून अजब प्रकार मे २०२३ मध्ये टेक्सासमध्ये घडला. तेथील एका प्राध्यापकाने विद्यार्थ्यांचे लेखन चॅटजीपीटीपुढेच ठेवून ‘हे तू लिहिलेस काय’ असे विचारले आणि त्याने होकार दिला म्हणून मुलांचे निकाल अडकले. आपण पूर्वी काय लिहून दिले याची नोंद चाळून उत्तर देण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. होय म्हणणे शोभून दिसेल तेथे त्याने होय म्हटले. काही विद्यार्थ्यांनी आपल्या कच्च्या मसुद्यांच्या वेळा दाखवून सुटका करून घेतली.

कच्चे मसुदे हा शब्द येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मजकूर एकटा समोर असतो तेव्हा तर्क लंगडा पडतो. लिहिणारा ओळखीचा असेल तर चित्र पालटते. एखादा कार्यकर्ता दहा वर्षे रक्तदान शिबिराचे वृत्त पाठवीत आला आहे. त्याचे वृत्त असे असते : ‘सकाळी पावसाने उशीर झाला. ६४ जणांनी नावे दिली, ५१ पिशव्या जमल्या, बाकीच्यांचे हिमोग्लोबिन कमी भरले. चहाची व्यवस्था देशपांडे काकूंकडे.’ ‘आणि’ची ‘णि’ तो नेहमी दीर्घ काढतो. त्याच्याच नावाने एके दिवशी ‘रक्तदान हे केवळ दान नसून मानवतेचा एक सर्वोच्च आविष्कार आहे’ असा दीड पानांचा मजकूर येतो, त्यात ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही आणि पिशव्यांचा आकडाही नाही. येथे तुलना बोलते. तरीही निकाल देण्यापूर्वी त्याला दूरध्वनी करणे उचित. कदाचित मुलीने ते लिहून दिले असेल, कदाचित कोणा प्राध्यापकाने संस्कार केले असतील. कदाचित त्याने स्वतःच चार ओळी सांगून यंत्राकडून सजवून घेतल्या असतील. हा शेवटचा प्रकार दिवसेंदिवस वाढतो आहे आणि त्यात माणसाचे किती व यंत्राचे किती, हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही.

दूरध्वनीवर आरोप करायचा नसतो, विचारायचे असते. किती पिशव्या झाल्या? गर्दी कधी वाढली? कोणी घाबरून परत गेले का? ज्याने शिबिर पाहिले आहे तो कागदात नव्हते ते सांगू लागतो. कोणा म्हाताऱ्या गृहस्थांना वयामुळे रक्त देता आले नाही, तर ते दुपारपर्यंत खुर्च्या मांडीत राहिले, असे काहीतरी निघते. बहुधा तोच ओशाळून म्हणतो, ‘अहो, जरा बरे दिसावे म्हणून त्याच्याकडून करून घेतले.’ मग संपादकाने दीड पान बाजूला ठेवावे, हातात लेखणी घ्यावी आणि त्याने आता जे सांगितले ते उतरवून घ्यावे.